दीड जीबीत बसणारी वही

रोजच्या दीड जीबीचा हिशेब आपण धरतो तो खाली येणाऱ्या डेटाचा. रील पाहिली, गाणं ऐकलं, मॅच लावली की डेटा जातो, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. आपण पाठवलेला फोटोही त्याच दीड जीबीतून कापला जातो, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वर गेलेला एमबी आणि खाली आलेला एमबी कंपनीच्या मीटरवर सारखेच मोजले जातात.

माझी चुलतबहीण अंबाजोगाईला असते. तिचे वडील, म्हणजे आमचे थोरले काका, कीर्तन करायचे. त्यांची आख्यानांची हस्तलिखित वही तिच्याकडे आहे, सुमारे १८० पानांची. हल्लीच्या एआय चॅट अ‍ॅपना पानाचा फोटो दिला की ती मजकूर टाइप करून देतात, म्हणून एका सकाळी तिने वहीचे फोटो काढून पाठवायला घेतले. घरात वायफाय नाही, आणि तिच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर मुलाचा क्लास चालतो. दुपारी डेटा संपला, क्लास अडकला. तिचा फोन आला, "दादा, मी फोटोच तर पाठवले. व्हिडिओ एकही बघितला नाही. मग दीड जीबी गेला कुठं?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. फोनच्या साध्या कॅमेऱ्याचा १२ मेगापिक्सेलचा फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. चार धरले तर १८० पानांचे ७२० एमबी झाले, म्हणजे दिवसाचा निम्मा कोटा. उरलेला निम्मा गेला कुठे, हे फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपनिहाय डेटा वापर उघडल्यावर दिसलं. चॅट अ‍ॅपच्या खालोखाल, जवळजवळ तेवढाच आकडा फोटोंच्या बॅकअपचा होता. फोटो काढला की तो मागच्या मागे क्लाउडवर चढवायचं सेटिंग चालू होतं, आणि तेही मोबाईल डेटावर. म्हणजे वहीचं प्रत्येक पान घरातून दोनदा बाहेर जात होतं, एकदा तिने पाठवलं म्हणून आणि एकदा फोनने आपणहून. ७२० अधिक ७२०, मिळून १४४० एमबी. मुलाच्या क्लासला उरलं काय?

पैशांत बघाल तर ही रक्कम अगदी किरकोळ आहे. २८ दिवस रोज दीड जीबी देणारा रिचार्ज तीनशे-साडेतीनशेला पडतो. महिन्याचे ४२ जीबी होतात, म्हणजे एक जीबी सात-आठ रुपयांना आणि चार एमबीचा फोटो तीन पैशांना. संपल्यावर एक जीबीचं जादा व्हाउचर घेतलं तर वीस रुपयांच्या आसपास जातात. तरीही हा खर्च मला क्षुल्लक वाटत नाही, कारण रोजच्या प्लॅनमध्ये खरी किंमत पैशांत मोजायची नसते. कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. त्या वेगाने चार एमबीचा एक फोटो जायला साडेआठ मिनिटं लागतील, आणि तोवर अ‍ॅप बहुधा वाट बघणं सोडून देतं. मग रात्री बारापर्यंत त्या घराचा क्लास थांबतो आणि बँकेचं काम रखडतं. शिवाय अर्ध्यावर तुटलेला फोटो पुन्हा पाठवताना अनेकदा पहिल्यापासून जातो आणि आधी गेलेले एमबी फुकट जातात. रेंज कमी असलेल्या घरात हा तोटा मोठा असतो, म्हणून एका वेळी वीस फोटो न निवडता चार-पाचच निवडावेत.

माझा खरा आक्षेप त्या चार एमबींवर आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल. पलीकडे तो एवढा मोठा वाचला जातोच असं नाही. अशी साधनं चालवणाऱ्या काही कंपन्यांनी तांत्रिक माहितीत उघड लिहिलंय, की फोटोची लांब बाजू साधारण दीड-दोन हजार पिक्सेलच्या पुढे असली तर तो आधी लहान केला जातो आणि मग वाचला जातो. लहान करणं तिकडे होतं, तेव्हा आपला डेटा इकडे खर्च होऊन गेलेला असतो. काही अ‍ॅप पाठवण्याआधी फोनवरच फोटो आटोपशीर करतात, काही आहे तसा उचलून नेतात. ब्राउझरमधून पाठवला तर बहुधा मूळ फाइलच जाते. आपलं अ‍ॅप काय करतं हे ओळखायला एक सोपी रीत आहे. डेटा वापराच्या पानावर त्या अ‍ॅपचा आकडा बघून ठेवायचा, एकच फोटो पाठवायचा, आणि आकडा पुन्हा बघायचा. तीन-चार एमबीने वाढला तर फोटो मूळ आकारात गेला. अर्ध्या एमबीच्या आत राहिला तर काळजी नाही.

बहिणीचा आकडा चांगला चारने वाढला. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. फोनचा डेटा सेव्हर चालू केला, त्याने समोर उघडलेलं अ‍ॅप सोडून बाकीच्यांचा मागच्या मागे चालणारा डेटा थांबतो आणि बॅकअपही थांबतो. आणि गॅलरीतल्या एडिटमध्ये जाऊन प्रत्येक पान आधी कडेने कापलं, मग आकार कमी करून लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या जवळपास आणली. फाइल चारशे केबीच्या आसपास आली. सगळी वही ७२ एमबीत बसते, म्हणजे मुलाचा क्लास चालू असतानाही पाठवता येते.

यात कापणं आधी आणि लहान करणं नंतर, हा क्रम महत्त्वाचा. तिच्या पहिल्या फोटोंत पानाभोवती सतरंजी होती, एका कडेला तिचा अंगठा होता, आणि काही ठिकाणी समोरासमोरची दोन पानं एकाच फोटोत घेतलेली. असा फोटो लहान केला की पिक्सेल सतरंजीला जातात आणि काकांच्या अक्षराला कमी पडतात. मराठी हस्ताक्षरात पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा, त्यामागून रफाराचा. टाइप होऊन आलेल्या मजकुरात टिंबं गळायला लागली की फोटो गरजेपेक्षा लहान झाला असं समजावं. अशा वेळी एकदम मूळ आकारावर जाण्याऐवजी दोन हजार पिक्सेल करून बघावं.

वहीच्या शेवटी काही पानं शिसपेन्सिलीने लिहिलेली आहेत, फार पुसट. ती मूळ चार एमबीत पाठवूनही नीट वाचली गेली नाहीत, बहुधा पलीकडे ती लहान होत असावीत. त्या पानांसाठी आता ती एका पानाचे दोन फोटो काढते, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, खिडकीच्या उजेडात, मध्ये एक ओळ दोन्हीकडे येईल असे. दोन्ही मिळून आठशे केबी होतात आणि पेन्सिलीची अक्षरं बरीच मोठी जातात.