बदली बॅटरी घेताना आधी व्होल्ट बघा, mAh नंतर

१८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपीय संघात एक नियम लागू होतोय. काही अपवाद सोडले, तर उपकरणातली छोटी बॅटरी ग्राहकाला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. आपल्याकडेही केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. बॅटरी स्वतः बदलायची, तर योग्य बॅटरी निवडायची जबाबदारीही आपल्यावर येते. आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच होते, कारण ऑनलाइन दुकानांत मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो तो फक्त mAh चा आकडा.

समजा, तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीवर असं छापलंय:

```
14.8V  2600mAh  38Wh
```

यातला V म्हणजे व्होल्टेज, mAh म्हणजे मिलिअँपिअर-तास आणि Wh म्हणजे वॅट-तास. बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते ते वॅट-तास सांगतो, आणि तो उरलेल्या दोन आकड्यांवरूनच काढतात:

```
Wh = V × mAh ÷ 1000
14.8 × 2600 ÷ 1000 = 38.48
```

आता ऑनलाइन तुम्हाला दुसरी बॅटरी दिसते: ११.१ व्होल्ट, ४४०० mAh. २६०० च्या जागी ४४००, म्हणजे जवळजवळ ७० टक्के जास्त, असं वाटतं ना? गुणाकार करून बघा. ४८.८४ वॅट-तास येतात, म्हणजे ऊर्जा जास्त आहे ती फक्त २७ टक्क्यांच्या आसपास. व्होल्टेज वेगळं असेल, तर नुसत्या mAh ची तुलना फसवी ठरते.

पण इथे त्याहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. लॅपटॉपच्या बॅटरीत आत लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. नेहमीचा एक सेल ३.७ व्होल्टचा धरतात. तीन जोडले की ११.१ आणि चार जोडले की १४.८. पूर्ण चार्ज झाल्यावर असा सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे चार सेलच्या बॅटरीला चार्जिंगच्या शेवटी १६.८ व्होल्ट लागतात. तेवढंच व्होल्टेज तीन सेलच्या बॅटरीला मिळालं, तर प्रत्येक सेलवर ५.६ व्होल्ट पडतील. त्यातून सेल तापणं, फुगणं आणि आग लागणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. चांगल्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंग तोडतं, पण स्वस्त बॅटरीतल्या त्या सर्किटच्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

उलट केलं तर? तीन सेलच्या लॅपटॉपला चार सेलची बॅटरी लावली, तर ती नीट चार्ज होणार नाही आणि आतल्या सर्किटवर अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज येईल. बरेच लॅपटॉप अशी बॅटरी ओळखून सरळ नाकारतात. मग 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असा संदेश दिसतो किंवा लॅपटॉप बॅटरीवर सुरूच होत नाही.

म्हणून व्होल्टेज जुळलंच पाहिजे. मात्र १४.४ आणि १४.८ दिसलं म्हणून घाबरू नका. दोन्ही सहसा चार सेलच्याच बॅटऱ्या असतात, कोणी सेल ३.६ चा धरतं, कोणी ३.७ चा. १०.८ आणि ११.१ चंही तसंच. पण १५.२ दिसलं तर थांबा. त्यातले सेल ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज होणारे, वेगळ्या जातीचे असू शकतात. काही मॉडेल्सना ११.१ आणि १४.८ दोन्ही चालतात हेही खरं, पण ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तरच माना.

व्होल्टेज जुळलं की mAh जास्त असला तरी चालतो. लॅपटॉप हवा तेवढाच करंट ओढतो, बॅकअप तेवढा वाढतो. बॅटरी जागेत बसली आणि कनेक्टर जुळला म्हणजे झालं.

विकत घेण्याआधी जाहिरातीतल्या लेबलचा गुणाकार करून बघा. ११.१ व्होल्ट, ५२०० mAh आणि पुढे ४८ Wh लिहिलं असेल, तर हिशेब जुळत नाही, कारण उत्तर ५७.७ यायला हवं. दशांशाचा फरक चालेल, पण जवळपास दहाचा फरक म्हणजे एखादा आकडा फुगवलेला आहे.

बॅटरी बसवल्यावर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या फाइलमध्ये DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे आकडे mWh मध्ये दिसतात. हजाराने भागा आणि लेबलवरच्या वॅट-तासांशी ताडून बघा. हे आकडे बॅटरीतली चिपच सांगते, त्यामुळे खोटी बॅटरी इथेही खोटं बोलू शकते. म्हणून परत करायची मुदत संपायच्या आत एकदा पूर्ण चार्ज करून ती प्रत्यक्ष किती तास टिकते तेही मोजा.