नुसते ‘हाफ प्लेट’ लिहून भागणार नाही

चतुर्थीला केळझरच्या सिद्धिविनायकाचे दर्शन घेऊन टेकडी उतरलेले कुटुंब रस्त्यालगतच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये शिरते. मूल भुकेने किरकिरत असते. कार्डावर ओळ असते : ‘साबुदाणा खिचडी, हाफ’. या ओळीच्या भरवशावर तीन वर्षांच्या लेकराला घास भरवणे धोक्याचे आहे.

ज्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याची आई वेटरला सांगते, ‘दाणे नकोत.’ आत निरोप पोहोचतो तो ‘दाणे कमी’ असा. आचारी अख्खे दाणे वेचून काढतो, पण कूट साबुदाण्याला आधीच चिकटलेला असतो. फोडणी घाणीच्या शेंगदाणा तेलाची असेल तर त्यातही दाण्याचा अंश राहतो. ओठ सुजणे, अंगावर गांधी, उलटी, धाप, हे सारे काही मिनिटांत सुरू होऊ शकते, आणि रुग्णालय गाठायचे तर वर्धा तिथून सुमारे 25 किलोमीटर आहे. अशा वेळी वाट न पाहता 108 ला फोन करायचा असतो.

मेन्यूवर ॲलर्जीची माहिती देण्याचा केंद्रीय नियम 2020 चा आहे. मात्र तो केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक शाखांच्या उपाहारगृहांना लागू होतो. केंद्रीय परवाना नसलेल्या एकट्या दुकानाला त्यातून सूट आहे. सूट कायद्यातून मिळाली, मुलाच्या शरीराने ती दिलेली नाही.

मग ओळ कशी असावी? ‘साबुदाणा खिचडी, 2 ते 5 वर्षांसाठी, एक लहान वाटी. मिरची नाही. शेंगदाणा कूट आहे, काढता येत नाही.’ शेवटचे तीन शब्द सर्वांत मोलाचे. तिथेच पर्यायही छापावा : ‘मऊ वरण-भात, तूप वेगळे, दाणे व दूध नाही, कढई व झारा वेगळा.’ ही वेगळी कढई खरोखर असेल तरच हे लिहावे. आणि हिंग विसरू नये. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ असते, म्हणून वरणापुढे ‘गहू (हिंगातून)’ लिहिलेच पाहिजे. वरण-भातात गहू नसतो, या समजुतीने ही नोंद हमखास गळते.

मुलांच्या उंच खुर्चीबद्दल तर कार्डावर बहुधा काहीच लिहिलेले नसते. ‘2 खुर्च्या, स्वतः बसू शकणाऱ्या 3 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, पट्ट्यासह’ एवढे तरी हवे. पट्टा कमरेसोबत दोन्ही पायांच्या मधूनही गेला पाहिजे. नुसत्या कमरपट्ट्यातून मूल खाली घसरते आणि गळा ट्रेला अडकतो. खुर्ची टेबलाला टेकवली तर मूल पाय टेबलाला लावून मागे रेटते आणि खुर्चीसकट उलटते. म्हणून टेबलापासून पाय पोहोचणार नाहीत इतकी ती दूर ठेवावी. पट्ट्याची कडी तुटलेली असेल त्या दिवशी कार्डावर ‘2’ खोडून ‘1’ लिहावे, आणि ती खुर्ची गिऱ्हाइकाच्या नजरेआड न्यावी.