‘अजून एक छोटा बदल’ आणि अडकलेले बिल

फ्रीलान्सरचे पैसे अनेकदा थेट नकाराने नव्हे, तर ‘अजून एक छोटा बदल करा’ या निरोपाने अडकतात. काम मंजूर नाही, म्हणून बिलही नाही. त्यामुळे काम कधी पूर्ण झाले असे मानायचे, हे करारातच ठरलेले हवे.

समजा, पॅकेजिंग डिझाइनचे काम ६० हजार रुपयांचे आहे. २४ हजार आगाऊ, १८ हजार पहिल्या मसुद्यावर आणि १८ हजार अंतिम फाइल देण्याआधी, असे टप्पे ठरवता येतात. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या याच रकमेत. तिसरीपासून प्रत्येकी ३ हजार. मसुद्याचे पैसे येईपर्यंत पुढचे काम थांबते. म्हणजे ग्राहक मध्येच गायब झाला, तरी बुडणारी रक्कम १८ हजारांवर जात नाही.

कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारले असे मानले जाते.

मात्र ‘उद्यम’ नोंदणी काम घेण्याआधीच केलेली बरी. नंतरच्या नोंदणीवर वाद होतात. शिवाय काम ईमेलनेच पाठवावे. पाठवल्याची तारीखच सिद्ध झाली नाही, तर १५ दिवस मोजायचे कुठून?