बाळाची बाटली उलटी करून वाचा

आमच्या शेजारच्या घरात चार महिन्यांची एक मुलगी आहे. तिच्या गालांवर आणि कोपरांच्या घडीत कोरडे, लालसर चट्टे उठले. रात्री ती खाजेने झोपेना. आजी म्हणाली दृष्ट लागली, आईला वाटले दूध बाधले. आम्ही तिच्या अंघोळीचे सामान मागून घेतले आणि बाटल्या उलट्या करून वाचल्या.

लोशनच्या दर्शनी भागावर बदामाचे चित्र आणि ‘सौम्य’ असा शब्द होता. मागच्या यादीत बदाम तेल अगदी शेवटी, परफ्यूमच्या शेजारी होते. आपल्याकडच्या नियमानुसार जो घटक जास्त तो यादीत आधी लिहावा लागतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणजे चित्र बदामाचे असले तरी आत बदाम नावापुरताच.

आमचे मत स्पष्ट आहे: बाळाच्या अंगाला लावायच्या वस्तूत सुगंध नकोच. त्याने त्वचेचे काही भले होत नाही, उलट नाजूक किंवा कोरड्या त्वचेला तो चुरचुरतो. यादीत ‘फ्रेग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ दिसला की बाटली परत ठेवा. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्यातही मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून यादी वाचाच. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या.

त्या घरी आम्ही एवढेच बदल सुचवले. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. डाळीचे पीठ चोळणे बंद, पावडर बंद. तिची धूळ श्वासातून बाळाच्या छातीत जाते. साबण अल्कधर्मी गुणाचा असल्याने त्वचेतले तेल काढून टाकतो, म्हणून त्याऐवजी बिनवासाचे बेबी वॉश, तेही मान, काखा आणि जांघांपुरते. अंग टिपून घेतल्यावर ओलसर असतानाच बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली. महागडे लोशन लागत नाही. नवी वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला थोड्या जागी चार-पाच दिवस लावून पाहावी. लाली आली तर सोडून द्यावी.

दोन आठवड्यांत चट्टे बरेच उतरले, मुलगी झोपू लागली. पण चट्ट्यांतून पाणी किंवा पू येत असेल, ताप असेल, तर असे प्रयोग करत बसू नका, दवाखाना गाठा. ओळखीच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणून लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते.

राहिले सनस्क्रीन. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते लावू नये. सावली, टोपडे आणि सुती झबले पुरेसे. मोठ्या मुलाला दुपारच्या उन्हात न्यावेच लागले, तर झिंक ऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा जास्त, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेले घ्या आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. बाळ गोरे करण्याचे आश्वासन देणारी डबी मात्र घरात आणूच नका. रंग हा काही आजार नाही.