बँकेला रडवू नका, बँकेकडे दावा करा

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि थोडी चिडून लिहिली आहे. आधीच सांगते.

काही महिन्यांपूर्वी आपल्याच ओळखीतल्या एका ताईने एक पत्र दाखवलं. ती न्यू जर्सीत राहते, दोन मुलं शाळेत. नवरा अचानक गेला. पुण्यातल्या एका बँकेत त्याच्या एकट्याच्या नावावर एनआरओ बचत खातं आणि दोन एफडी, मिळून साधारण १८ लाख रुपये. नॉमिनी म्हणून नाव तिचंच. पत्र दीड पानाचं होतं. घरात कमावणारे तेच होते, मी आणि मुले उघड्यावर पडलो आहोत, तरी माणुसकीच्या दृष्टीने पैसे मोकळे करून माझ्या अमेरिकेतल्या खात्यावर पाठवण्याची कृपा करावी. आम्ही चार-पाच जणींनी ते वाचलं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, "छान लिहिलंयस" म्हणालो. मीही म्हणाले. चूक झाली.

बँकेचं उत्तर आलं ते पण फोनवर. वारसा हक्काचा कोर्टाचा दाखला आणा, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्या, दोन जामीनदार आणा आणि मॅडम, एकदा प्रत्यक्ष येऊन जा. असे पाच महिने गेले.

आता माझं म्हणणं ऐका. नॉमिनी असताना यातलं पहिलं, दुसरं आणि तिसरं मागायचा बँकेला अधिकारच नाही. हे आजचं नाही, रिझर्व्ह बँकेने २००५ पासून सांगितलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल सगळ्या बँकांना नव्याने निर्देश दिले आणि ते उशिरात उशिरा ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला सांगितले. त्यातही तेच आहे: नॉमिनेशन असेल तर रक्कम कितीही असो, वारसा दाखला नको, हमीपत्र नको, जामीन नको. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख-पत्ता पटवणारा कागद, बस.

बँक घाबरते कशाला, हेच मला कळत नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५झेडए प्रमाणे नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. उद्या कोणी वारस उगवला तरी त्याने नॉमिनीकडे मागायचं, बँकेकडे नाही. (कोर्टाचा मनाई हुकूम असेल तर गोष्ट वेगळी.) म्हणजे ज्या जोखमीसाठी दोन जामीनदार मागतात ती जोखीम कायद्याने आधीच काढून टाकलेली आहे. तरी मागतात, कारण समोरची बाई कृपा मागतेय. कृपा करायची तर माणूस अटी घालणारच ना?

पत्रात आणखी एक घोळ होता, आणि तो आपण सगळे करतो. "पैसे मोकळे करा" आणि "अमेरिकेला पाठवा" ही दोन वेगळी कामं एकाच पत्रात. दाव्याचं टेबल म्हणतं परदेशी व्यवहार आमच्याकडे नाही, परदेशी व्यवहाराचं टेबल म्हणतं आधी दावा मिटवा. पत्र दोघांच्या मध्ये पडून राहतं. आधी पैसे तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यात येऊ द्या (नसेल तर उघडा, पॅन लागेल). तिथून बाहेर पाठवायला दुसरा अर्ज, आयकराचा फॉर्म आणि जिथे लागेल तिथे सीएचं प्रमाणपत्र. एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, आपल्यासारख्यांना ती पुरून उरते. नवऱ्याचं खातं एनआरई असेल आणि नॉमिनी परदेशात, तर ते पैसे बँकेला थेट बाहेर पाठवता येतात.

ताईचं दुसरं पत्र आम्ही बसून लिहिलं. इंग्रजीत गेलं, पण मजकूर असा होता:

"खातेदार अमुक, अमुक तारखेला न्यू जर्सीत मृत्यू. बचत खाते क्रमांक अमुक, मुदत ठेवी अमुक आणि अमुक. या तिन्हींवर मी नोंदणीकृत नॉमिनी आहे. नॉमिनी या नात्याने मी दावा करते. दोन्ही ठेवी मुदतीआधी मोडून, दंड न लावता, सर्व रक्कम माझ्या खालील एनआरओ खात्यात जमा करावी. सोबत: दाव्याचा अर्ज, अपॉस्टिल केलेला मृत्यूचा दाखला, माझ्या पासपोर्टची साक्षांकित प्रत. आणखी कागद हवा असल्यास कोणता आणि कोणत्या नियमाखाली, ते लेखी कळवावे. कागदपत्रे मिळाल्याची तारखेसह पोच द्यावी."

दहा ओळी. मुलं नाहीत, माणुसकी नाही.

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा मिटवायचा असा नियम आहे. पण "सगळे कागद" कधी मिळाले हे ठरवणार कोण? पोच नसेल तर बँक. ती महिनाभराने एकेक कागद मागते आणि घड्याळ सुरूच होत नाही. पोच हातात असेल तर उशिराचं व्याज बँकेच्या माथी, बँक रेट अधिक चार टक्के. बँक रेट साडेपाच धरला तर साडेनऊ टक्के. १८ लाखांवर ९० दिवसांचे जवळपास ४२ हजार रुपये होतात. आणि "लेखी कळवावे" म्हटलं की फोनवरच्या अर्ध्या मागण्या आपोआप गळतात, कारण ते कागदावर लिहायला कोणी तयार नसतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा भलतंच आलं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फुकट आहे आणि इथे बसून करता येते.

नॉमिनीच नसेल तर मात्र मी बँकेच्या बाजूने थोडं बोलेन. तेव्हा तिला वारस शोधावेच लागतात. तरी व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत हमीपत्र आणि बाकी वारसांच्या ना-हरकतीवर काम व्हायला हवं, कोर्ट नको. आपल्या कितीतरी जणांचे पैसे गावच्या सहकारी बँकेत आहेत, म्हणून हा पाच लाखांचा आकडा लक्षात ठेवा.

आणि कोणी तरी सल्ला देईलच, "अगं, त्याचा फोन चालू आहे ना, ओटीपी येतो, काढून घे हळूहळू." नका करू. मेलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार केला की तुमचा स्वच्छ दावा संशयाचा होतो.

एक कडू गोष्ट ताईलाही सांगावी लागली. नॉमिनी म्हणजे मालक नाही. तो पैसे हातात घेणारा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलं आणि नवऱ्याची आई यांचा सारखा वाटा. म्हणजे १८ लाखांत नाशिकच्या सासूबाईंचा चौथा हिस्सा, साडेचार लाख. ताई क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "आईंना मीच फोन करते, बँकेकडून कळायला नको."

दुसरं पत्र कुरियरने गेलं, पोच ईमेलवर आली. जामीनदारांचा विषय परत निघाला नाही. तेराव्या दिवशी पैसे एनआरओ खात्यात आले. पाच महिन्यांच्या व्याजाचं काय, म्हणून विचारलं तर बँक म्हणते कागद तर आत्ताच पूर्ण झाले. आणि त्या पाच महिन्यांची पोच आमच्याकडे नाही.