ट्रिकांचं गोदाम

‘सुपरफास्ट ऑप्टिक्स’ नावाचा एका क्लासचा रंगीत तक्ता मी नुकताच नजरेखालून घातला. अंतर्गोल आरशात वस्तूच्या दोन जागा विचारल्या तर हे सूत्र, वस्तू आणि पडदा यांतलं अंतर दिलं तर ते, बहिर्गोल आरसा आला की तिसरंच. आणि वर आश्वासन काय, तर वेळ वाचेल! अहो, कुठलं सूत्र कुठे लावायचं हे आठवण्यात जो वेळ जातो, तो काय क्लासवाले फीमधून परत देणार आहेत? एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. प्रश्नामागे ५४ सेकंद. त्यात पोरानं गोदामात शिरून सूत्र हुडकायचं!

माझं म्हणणं सरळ आहे. विशालन दिलं असेल, तर अंतर आरशापासून मोजूच नका, नाभीपासून मोजा. वस्तूचं नाभीपासूनचं अंतर x, तर x = f/m. प्रतिमेचं नाभीपासूनचं अंतर mf. तिन्ही राशी निव्वळ आकड्यांनी घ्यायच्या, चिन्हं लावायची नाहीत. सगळं भांडार एवढंच.

हे आकाशातून पडलेलं नाही. वस्तूच्या टोकाकडून नाभीतून जाणारा किरण आरशावर आपटून अक्षाला समांतर परततो, म्हणजे तो ज्या उंचीवर आपटला तीच प्रतिमेची उंची. नाभीच्या एका बाजूला वस्तूचा त्रिकोण, दुसऱ्या बाजूला आरशाचा. दोन्ही समरूप. प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची बरोबर f भागिले x. दहावीची भूमिती! ती सांगायला दोन मिनिटं लागतात, पण तक्ते छापणाऱ्या पंडितांना तेवढीही सवड नाही.

आता परीक्षेतला ठरलेला प्रश्न घ्या. अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर १५ सेंमी, प्रतिमा तिप्पट मोठी, वस्तू कुठे? प्रतिमा वास्तव की आभासी, हे प्रश्नात नाही. नेहमीच्या वाटेनं गेलात तर दोन समीकरणं, चिन्हसंकेत, अपूर्णांक आणि शेवटी उणे-अधिकची फसगत. नाभीपाशी उभे राहा: १५ भागिले ३, म्हणजे ५. वस्तू नाभीपासून ५ सेंमीवर, बाहेर किंवा आत. आरशापासून २० किंवा १०. बाहेर असेल तर प्रतिमा वास्तव, आत असेल तर आभासी. प्रतिमा नाभीपासून ४५ सेंमीवर: पहिल्या वेळी आरशापुढे ६०, दुसऱ्या वेळी आरशामागे ३०. झालं!

तक्तेवाले इथे म्हणतील, ‘दोन जागांतलं अंतर 2f/m, आमचंही १०च येतं!’ येतं ना. आता तिप्पटीच्या जागी निम्मी करा. तक्त्याप्रमाणे दोन जागांत ६० सेंमी अंतर. पोरगं खुशाल ६० वर टिचकी मारतं. खरं काय? x आलं ३०. नाभीच्या बाहेर ३०, म्हणजे आरशापासून ४५. आतल्या बाजूनं ३० मोजायला गेलात तर आरसा ओलांडून त्याच्या पाठीमागे जाता! तिथे वस्तू ठेवणार कोण, तक्त्याचे लेखक? जागा एकच आहे. सूत्रानं हे सांगितलं नाही, कारण सूत्राला आरसा दिसत नाही. नाभीपासून मोजणाऱ्याला दिसतो.

बहिर्गोल आरशाची नाभी मागे असते, म्हणून वस्तूचं नाभीपासूनचं अंतर f + u. प्रतिमा एक-तृतीयांश हवी, तर x = 3f, वस्तू आरशापासून 2f वर. वेगळं सूत्र लागलं?

भिंगाला नाभी दोन. बहिर्गोल भिंगात वस्तू तिच्या बाजूच्या नाभीपासून मोजा, प्रतिमा पलीकडच्या. वस्तूपासून ८० सेंमीवरच्या पडद्यावर तिप्पट प्रतिमा हवी असेल, तर f/3, f, f, 3f यांची बेरीज ८०. म्हणजे f पंधरा. ज्या सूत्रासाठी तक्त्यात स्वतंत्र चौकट आखली आहे, ते या बेरजेतून आपोआप निघतं.

याला मर्यादा आहेत, आणि त्या लपवणारा मास्तर लबाड. भिंग पातळ हवं, दोन्ही बाजूंना माध्यम एकच हवं, किरण अक्षाजवळचे हवेत. भिंग पाण्यात बुडवलं तर आधी नवं f काढा, १.५ अपवर्तनांकाच्या काचेचं f पाण्यात चौपट होतं. विशालनाचा पत्ताच नसेल आणि u, v थेट दिले असतील, तर नेहमीचं समीकरण वापरा, पण चिन्ह फक्त दिलेल्या राशींना लावा. शोधायच्या राशीला आधीच उणे चिकटवणं ही निम्म्या चुकांची जननी आहे. तिचं चिन्ह उत्तरानं सांगायचं असतं.

तेव्हा पालकहो, ‘किती ट्रिका शिकवता?’ असं क्लासला विचारू नका. जितक्या जास्त, तितका मास्तर कच्चा.