मंदीचे खापर गरिबाच्या डोक्यावर का?

२००८ च्या जागतिक मंदीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "लायकी नसलेल्यांना घरकर्जे वाटली, म्हणून बँका बुडाल्या." अमेरिकेत यातले 'लायकी नसलेले' म्हणजे कृष्णवर्णीय आणि गरीब. लायकीची ही भाषा आपल्या चांगलीच परिचयाची आहे. म्हणून आम्ही हा हिशेब तपासून पाहतो.

गरीब वस्त्यांनाही कर्ज द्यावे, असा अमेरिकेत १९७७ चा कायदा आहे. सगळा दोष त्याच्यावर ढकलला जातो. पण अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २००५-०६ ची महागडी कर्जे तपासली, तेव्हा या कायद्याच्या कक्षेतली फक्त सुमारे ६ टक्के निघाली. बाकीची नफ्यासाठीच दिली होती.

ती कर्जे कशी होती? पहिली दोन वर्षे व्याज कमी, नंतर बदलते. समजा, दीड लाख डॉलरचे कर्ज तीस वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,००० डॉलर. दोन वर्षांनी व्याज १० टक्के झाले की तोच हप्ता १,३०० वर जातो. घरांच्या किमती चढत होत्या तोवर जुने कर्ज फेडून नवे घेता येत होते. २००६ पासून किमती उतरल्या आणि ती वाट बंद झाली.

कर्ज देणाऱ्याला मात्र चिंता नव्हती. त्याने ते कर्ज केव्हाच विकून टाकलेले होते. हजारो कर्जांची मोट बांधून त्यांचे रोखे बनले. पतमापन संस्थांनी त्यांतल्या बहुतेकांना सर्वोच्च दर्जा दिला आणि त्याची फी रोखे विकणाऱ्यांकडूनच घेतली. जगभरच्या बँकांनी ते विकत घेतले.

९ ऑगस्ट २००७ रोजी फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने तीन फंडांतून पैसे काढणे थांबवले. रोख्यांची किंमतच ठरवता येईना. कुजका माल कोणाकडे किती, हे कळेना, म्हणून बँका एकमेकींना उसने देईनात. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि उरलासुरला विश्वासही गेला.

पण मुंबईचा शेअर बाजार का पडला? भारतीय बँकांकडे हे रोखे फारसे नव्हते. पण रोकड हवी असलेला माणूस जे विकले जाते ते विकतो. कुजके रोखे कोणी घेईना, तेव्हा परदेशी गुंतवणूकदारांनी इथले चांगले शेअर विकून डॉलर परत नेले. जानेवारी २००८ मध्ये २१,००० वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८,००० च्या खाली आला.

कर्ज देणारा, रोखे बांधणारा, दर्जा देणारा, विकणारा : या साखळीत प्रत्येकाने आपला वाटा आधीच खिशात घातला होता. घर गेले ते फक्त हप्ता भरणाऱ्याचे. मग लायकी नेमकी कोणाची तपासायची?